नव्या आवृत्तीतील व्याजाच्या हिशेबाबाबत आमचे उत्तर

*“दोन तारे. नवी आवृत्ती आल्यापासून आमच्या एका सभासदाचे व्याज सचिवांच्या संगणकावर २२३ रुपये आणि खजिनदारांच्या संगणकावर ३१५ रुपये दिसते. ‘काय बदलले’ या पानावर निबंध लिहिण्यापेक्षा सगळ्यांना एकच आकडा दाखवा. बाकीची ॲप्स ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहितात आणि नीट चालतात.” — एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, कोथरूड, पुणे*

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेचा कोणताही तपशील आम्ही येथे उघड करणार नाही. आपण स्वतः जे दोन आकडे लिहिले आहेत, तेवढ्यांच्याच आधारे उत्तर देतो, कारण हा प्रश्न आणखी काही संस्थांनाही पडला असण्याची शक्यता आहे.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. मात्र ते दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले आहेत. गृहनिर्माण संस्थांची बिले काढण्याच्या आमच्या ॲपच्या आवृत्ती ४.६.० मध्ये थकबाकीवरील व्याज मोजण्याची दुसरी पद्धत उपलब्ध झाली. त्याआधी एकच पद्धत होती: देय तारीख उलटून नवा महिना सुरू झाला की त्या पूर्ण महिन्याचे व्याज लागत असे. आता संस्थेला हवे असल्यास व्याज प्रत्यक्ष दिवसांवर मोजता येते. ‘काय बदलले’ या पानावरील पहिलीच नोंद या बदलाची आहे आणि ती अशी आहे: “व्याज महिन्यावर मोजायचे की दिवसांवर, हे आता संस्थेने ठरवायचे आहे. आपण काहीही निवडले नाही तर पूर्वीप्रमाणे महिन्यावरच मोजले जाईल. दिवसांवर मोजणी निवडल्यास काही सभासदांचे व्याज कमी होईल, तर काहींचे थोडे वाढेल. प्रसिद्ध झालेली बिले बदलणार नाहीत. मसुदा बिले बदलतील.”

आपल्या आकड्यांशी जुळणारे उदाहरण घेऊ. एप्रिल ते जून या तिमाहीचे देखभाल शुल्क ९,००० रुपये, देय तारीख ३० एप्रिल आणि सभासदाने रक्कम भरली १२ जूनला. २०१४च्या आदर्श उपविधींमध्ये थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळव्याज आकारण्याची मुभा होती. संस्थेने तोच दर ठरवला आहे असे धरू. महिन्यावरील पद्धतीत मे पूर्ण आणि जून सुरू झालेला, म्हणजे दोन महिने. दरमहा १५७ रुपये ५० पैसे याप्रमाणे ३१५ रुपये होतात. दिवसांवरील पद्धतीत १ मेपासून १२ जूनपर्यंत, भरणा केलेला दिवस धरून, ४३ दिवस होतात. नऊ हजारांवरील वर्षाचे व्याज १,८९० रुपये. त्याला ४३ने गुणून ३६५ने भागले की २२२ रुपये ६६ पैसे येतात आणि रुपयात पूर्ण केल्यावर २२३.

व्याज काहींचे वाढेल, हे वाक्य आम्ही मुद्दाम घातले आहे. याच सभासदाने ३१ मे रोजी पैसे भरले असते, तर महिन्यावर १५७ रुपये ५० पैसे, म्हणजे पूर्ण करून १५८ रुपये लागले असते आणि दिवसांवर १६१. कारण मे ३१ दिवसांचा आहे आणि वर्षाचा बारावा भाग त्याहून किंचित लहान असतो. फरक तीन रुपयांचा, पण उशिरा पैसे भरणारा सभासदही संस्थेच्या कार्यालयात येऊन याच तीन रुपयांचा जाब विचारतो, हे आपण आमच्यापेक्षा चांगले जाणता. “नव्या पद्धतीत व्याज कमी होते” असे सुटसुटीत लिहिता आले असते. ते वाचायला बरे वाटले असते आणि जूनअखेर खोटे ठरले असते.

आता दोन संगणकांचा प्रश्न. आपल्या सचिवांच्या पडद्यावर २२३ दिसते, याचा अर्थ आपल्या संस्थेच्या खात्यात ‘दिवसांवर’ हा पर्याय निवडला गेला आहे. तो कोणी आणि कधी निवडला, हे ‘सेटिंग’मधील ‘बदलांची नोंद’ येथे लॉगिनच्या नावासह दिसते. ते आपण तेथेच पाहावे, ती चर्चा जाहीरपणे करण्याची नाही. खजिनदारांच्या पडद्यावर ३१५ दिसते, याचे कारण त्यांचा टॅब आवृत्ती येण्यापूर्वी उघडलेला असून अजून तसाच चालू आहे.

मोबाइलमधील ॲप अद्ययावत होते तेव्हा ते फोनवर पुन्हा बसते, त्यामुळे जुने आणि नवे यांतील सीमा स्पष्ट असते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपचे तसे नसते. आम्ही सर्व्हरवर नवी आवृत्ती ठेवली तरी आधीच उघडलेल्या पानाकडे जुनाच प्रोग्राम असतो आणि पान पुन्हा मागवले जाईपर्यंत तोच चालतो. संगणक झोपवून ठेवला किंवा झाकण मिटले तरी पान नव्याने येत नाही; आमच्या ॲपमध्ये तर लॉग आउट करून त्याच टॅबमध्ये पुन्हा लॉग इन केले तरीही येत नाही. पुण्यातील अनेक संस्थांत खजिनदार निवृत्त असतात, घरच्याच संगणकावर काम करतात आणि टॅब आठवडेच्या आठवडे मिटत नाहीत. (ही तक्रार नव्हे, बिले वेळेवर निघतात ती याच मंडळींमुळे.) मसुदा बिलाची झलक पानातच मोजली जाते, त्यामुळे जुन्या पानाला नव्या पर्यायाचा पत्ताच नसतो आणि ते महिन्यांचा हिशेब करून ३१५ दाखवते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. डाव्या बाजूच्या यादीच्या तळाशी, संस्थेच्या नावाखाली, आवृत्तीचा क्रमांक बारीक अक्षरांत असतो. सचिवांकडे तो ४.६.० असेल आणि खजिनदारांकडे ४.५.२. खजिनदारांनी अर्धवट भरलेली पावती असल्यास आधी जतन करावी आणि मग Ctrl + Shift + R दाबावे. पान नव्याने येईल, तळाचा क्रमांक बदलेल आणि दोघांना एकच आकडा दिसेल. जुन्या पडद्यावरून चुकीचे बिल सभासदांकडे जाईल ही भीती मात्र बाळगू नये. ‘प्रसिद्ध करा’ दाबल्यावर सर्व्हर आधी पानाचा आवृत्ती क्रमांक तपासतो आणि तो जुना असेल तर बिल न काढता पान रिफ्रेश करण्याची सूचना देतो.

आपल्या अभिप्रायातील खरा मुद्दा आम्हाला वेगळाच वाटतो. ‘काय बदलले’ हे पान नव्या आवृत्तीसोबत उघडते. म्हणजे ज्यांच्याकडे जुने पान चालू आहे, त्यांना बदल तर दिसत नाहीच, पण बदलाची सूचनाही दिसत नाही. सचिवांनी निबंध वाचला आणि खजिनदारांना तो मिळालाच नाही, असे घडू शकते. नोंद कितीही नेमकी लिहिली तरी पानाच्या आत राहून ही अडचण सुटणार नाही. म्हणून पुढील आवृत्तीपासून बिलाच्या रकमेवर परिणाम करणारी नोंद, आणि फक्त तशीच नोंद, आवृत्ती येण्याच्या आधी सचिव, खजिनदार आणि अध्यक्ष या तिन्ही लॉगिनच्या ई-मेलवर जाईल. शिवाय उघडा टॅब ठरावीक अंतराने सर्व्हरला आवृत्ती विचारेल आणि ती बदललेली असल्यास वरच्या बाजूला पिवळी पट्टी दाखवेल. पान आपोआप रिफ्रेश होणार नाही, कारण अर्ध्यावर आलेली पावती पुसली जाणे हे जुना आकडा दिसण्यापेक्षा अधिक त्रासाचे आहे.

‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिण्याची सूचना मात्र मान्य करता येत नाही. गाणी ऐकण्याच्या ॲपला ते चालेल. आपल्या हिशेबावर लेखापरीक्षक बसणार आहेत आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एखादा सभासद दोन तिमाहींची बिले शेजारी ठेवून व्याज वेगळे का, असे विचारणार आहे. त्या वेळी समितीच्या हातात तारीख, आवृत्ती क्रमांक, आधीची पद्धत आणि आताची पद्धत असायला हवी. त्यामुळे रकमेला हात लावणारी प्रत्येक नोंद आम्ही चार गोष्टी सांगून लिहितो: आधी काय होते, आता काय आहे, कोणाला लागू आहे आणि आपण काही करायचे आहे का. जुन्या आवृत्त्यांच्या नोंदी आम्ही कधी काढून टाकत नाही, तेही याचसाठी.

बाकीच्या बदलांना एवढी जागा लागत नाही आणि आम्ही ती दिलेलीही नाही. पावतीच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरे तुटत होती, ‘श्री’ आणि ‘क्षीरसागर’ यांची अक्षरे सुटी पडत होती, ते आता नीट छापले जाते. बँकेचा उतारा जुळवताना एकाच रकमेच्या दोन नोंदी असल्यास धनादेश क्रमांकही तपासला जातो. एक सूचना आम्ही स्वीकारतो: या दोन ओळी व्याजाच्या नोंदीला लागूनच होत्या, त्यामुळे सगळे मिळून निबंधासारखे दिसले. यापुढे रकमेवर परिणाम करणारे बदल वर स्वतंत्र चौकटीत येतील आणि उरलेले बदल खाली, मिटलेल्या यादीत राहतील.

आता आपल्यापुढील काम. दिवसांवर की महिन्यावर, हा निर्णय ॲपचा नाही आणि एकट्या सचिवांचा किंवा खजिनदारांचाही नाही. संस्थेच्या ठरावात जी पद्धत असेल तीच निवडावी आणि ती सर्व सभासदांना सारखी लागू होईल. ठरावात पद्धतीचा उल्लेखच नसेल, आणि बऱ्याच जुन्या ठरावांत फक्त दर असतो, तर समितीचा निर्णय होईपर्यंत ‘महिन्यावर’ हाच पर्याय ठेवणे श्रेयस्कर, कारण मागील बिले त्याच पद्धतीने गेलेली आहेत. जुलै ते सप्टेंबरची बिले अद्याप मसुद्यात आहेत तोवर पर्याय बदलून ‘मसुदा पुन्हा तयार करा’ दाबले की पुरे. एकदा बिले प्रसिद्ध झाली की पर्याय बदलूनही त्यांतील रक्कम हलणार नाही. मग फरक प्रत्येक सभासदाच्या खात्यात जमा किंवा नावे नोंद करूनच दुरुस्त करावा लागेल. तेव्हा बिले प्रसिद्ध करण्यापूर्वी दोन्ही संगणकांवर तळाचा क्रमांक आणि त्या सभासदाचे व्याज एकदा ताडून पाहावे. दोन्हीकडे ४.६.० असूनही रक्कम वेगळी दिसली, तर दोन्ही पडद्यांची चित्रे, क्रमांक दिसेल अशी, ‘मदत’ या पानावरून पाठवावीत. तसे असेल तर कारण जुना टॅब नव्हे आणि ते आम्हाला शोधावे लागेल.

आपले,
संचालक, एरंडवणे, पुणे