दीडपट केक

"वीस बाय तीस म्हणजे दीडपट," नवरा म्हणाला आणि चहाकडे वळला. तो सिव्हिल इंजिनिअर असल्यामुळे आमच्या घरात त्याने आकडा सांगितला की विषय संपतो. पूल पडला नाही तर केक कशाला पडेल, असा एकूण विश्वास.

प्रकरण साधं होतं. दिराच्या मुलाचा वाढदिवस, सोसायटीतली चोवीस पोरं आणि माझ्याकडे वीस सेंटिमीटर व्यासाचा गोल डबा, ज्यात वर्षानुवर्षं एकच केक होतो: मैदा, लोणी, साखर प्रत्येकी १७५ ग्रॅम, अंडी ३, बेकिंग पावडर दीड चमचा, दोन चमचे दूध आणि व्हॅनिला. जाऊबाईंनी शेजारून एक आयताकृती ट्रे आणला. आतून वीस बाय तीस सेंटिमीटर, पाच सेंटिमीटर उंच. पाच बाय पाचचे चौकोन पाडले की सहा ओळी, चार रांगा, बरोबर चोवीस तुकडे. हे गणित इतकं सुबक जुळलं की पुढे काही अडचण येईल असं कुणालाच वाटलं नाही. मलाच वाटलं, कारण तीन अंड्यांच्या दीडपट साडेचार अंडी होतात.

"अर्धं अंडं कसं घ्यायचं?" मी विचारलं.

"फेटून निम्मं घे," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्या ट्रेच्या मालकीण असल्यामुळे सल्ला देण्याचा हक्कही ट्रेबरोबर आला होता. "किंवा मोठी चार घे. नाहीतर लहान पाच. मी तर अंदाजानेच करते."

काकूंच्या अंदाजाचा केक आम्ही गणपतीत खाल्ला होता. मी गप्प बसले.

पण मला खरी शंका अंड्याची नव्हती, दीडपटीची होती. डब्याची रुंदी वीस, ट्रेची रुंदीही वीस, ट्रे फक्त लांबीला दहा जास्त, म्हणून दीडपट. ऐकायला अगदी बरोबर. पण हा हिशोब वीस बाय वीसच्या चौकोनाशी झाला आणि माझा डबा चौकोनी नाही. गोल डबा चौकोनात ठेवला तर चार कोपरे मोकळे राहतात, आणि ते कोपरे थोडेथोडके नसतात. वीसच्या चौकोनाचं क्षेत्रफळ ४००, आणि त्यात बसणाऱ्या गोलाचं त्रिज्या दहा धरून ३१४. म्हणजे पाचवा हिस्साही गेला आणि वर थोडा. ट्रेचं क्षेत्रफळ ६००. सहाशे भागिले तीनशे चौदा म्हणजे १.९१. दीडपट नाही, जवळजवळ दुप्पट.

हे मी नवऱ्याला कागदावर दाखवलं. इंजिनिअरला बायकोने पाय आर स्क्वेअर शिकवणं हा प्रसंग घरात शांततेने पार पडत नाही. त्याने आधी कागद पाहिला, मग ट्रे पाहिला, मग म्हणाला, "ट्रेचे कोपरे गोलसर आहेत. ते वजा केलेस का?"

मी नव्हते केले. मग त्याने केले. कोपऱ्याची गोलाई अडीच सेंटिमीटर त्रिज्येची धरून चारही कोपऱ्यांत मिळून कमी झाले पाच चौरस सेंटिमीटर. सहाशेतून पाच. पण त्या पाचाने त्याचा मान राहिला आणि तो चहाच्या दुसऱ्या कपाकडे गेला.

दीडपट घेतलं असतं तर आकाश कोसळलं नसतं, हेही खरं. डब्यात कच्चं मिश्रण साधारण अडीच सेंटिमीटर चढतं. दीडपट मिश्रण ट्रेमध्ये ओतलं तर ते दोन सेंटिमीटर भरतं. अर्धाच सेंटिमीटर कमी, पण तेवढ्याने केक लवकर भाजतो. डब्याची वेळ लावून निर्धास्त बसलं की मग हातात येतो तो टोस्ट. उलट मिश्रण जास्त झालं तर वरून तपकिरी, आत लापशी, आणि दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरलं तर फुगून कडेवरून ओव्हनच्या तळाशी. गुणोत्तराचा सगळा आटापिटा यासाठी असतो की मिश्रणाची जाडी होती तेवढीच राहावी. जाडी राहिली की वेळही फारशी हलत नाही.

आता १.९१ ने अंड्यांना गुणलं तर ५.७३ अंडी. इथे नवरा पुन्हा जागा झाला. कवच काढून अंडं पन्नास ग्रॅमचं धरलं तर २८६ ग्रॅम होतात, वजनकाट्यावर मोजून घेऊ, असा त्याचा प्रस्ताव होता. मी सहा अंडी फोडून मोकळी झाले. सरळ दुप्पट केलं तर जाडी पाच टक्क्यांनी वाढते. अडीच सेंटिमीटरचे पाच टक्के म्हणजे मिलिमीटरभर, तो ट्रेच्या टोकाटोकातही इकडचा तिकडे होतो. मैदा ३५०, लोणी ३५०, साखर ३५०, बेकिंग पावडर तीन चमचे. दुपटीपर्यंत बेकिंग पावडर सरळ दुप्पट चालते.

एवढ्यात सासूबाई देवपूजा आटोपून स्वयंपाकघरात आल्या. "काय गोंधळ आहे?" त्यांनी विचारलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा न लावता तो बाजूला ठेवला, गोल डबा घेतला, पिंपातून तांदूळ काढले आणि डब्यात बोटाच्या दीड पेराइतके भरले. ते तांदूळ ट्रेमध्ये ओतून पसरले. ट्रेचा तळ धड झाकला, पण उंची निम्मीच आली. पुन्हा डबा दीड पेर भरला, पुन्हा ओतला. हाताने सारखं केलं आणि बोट उभं धरून पाहिलं. दीड पेर.

"दोन डबे," त्या म्हणाल्या आणि तांदूळ पिंपात परत टाकून निघून गेल्या.

नवरा बराच वेळ ट्रेकडे बघत उभा होता. मला त्याची दया आली. माझीही थोडी आली, कारण त्या कागदावर मी बरीच खोडाखोड केली होती. या तांदळाच्या मापाला कुठलाही आकार चालतो. बदाम असो, मासा असो, वर रुंद खाली अरुंद भांडं असो. पाण्यानेही जमतं, पण माझ्या डब्याचा तळ सुटा आहे. पाण्याने मोजायला गेले असते तर गुणोत्तर ओट्यावरून वाहत गेलं असतं.

मिश्रणाचा प्रश्न मिटला आणि ओव्हनचा उभा राहिला. ट्रे आतून तीसचा, पण बाहेरची कड धरून तेहतीस. ओटीजीच्या जाळीवर तो बसतो का, हे मिश्रण ओतल्यावर बघायचं नसतं. मी वर्तमानपत्र कडेसकट मापाचं कापून आधी जाळीवर ठेवलं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. तेवढी तरी हवीच. ट्रे भिंतींना चिकटून बसला तर गरम हवा फिरत नाही आणि खालची उष्णता खालीच कोंडते. मग केकचा तळ करपतो आणि वरचा भाग पांढराफटक राहतो.

त्यानंतर कोपरे. हा चौकोनी केकचा जन्मजात स्वभाव आहे. गोल डब्यात कडेचा प्रत्येक भाग मध्यापासून सारखाच दूर असतो, त्यामुळे सगळीकडून एकदम पिकत येतो. ट्रेच्या कोपऱ्यात मिश्रणाला दोन भिंती आणि तळ अशी तीन बाजूंनी धग लागते. मध्याला फक्त खालून आणि वरून. मध्य शिजेपर्यंत कोपरे कडक होऊन बसतात. म्हणून मी तापमान १८० वरून १७० वर आणलं आणि मिश्रण ओतल्यावर चमच्याच्या पाठीने कोपऱ्यांकडे ढकलून मधे हलकासा खळगा ठेवला. मधलं मिश्रण शेवटपर्यंत फुगत राहतं. आधीच खळगा असला की डोंगर होत नाही.

शिवाय एक ओली पट्टी. जाड सुती कापड भिजवून पिळायचं, फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि ट्रेच्या बाहेरून कडेला बांधायचं. कापडात पाणी आहे तोवर त्या भिंतीचं तापमान शंभराच्या आसपास अडकतं, म्हणजे कडा घाई करत नाहीत. ओटीजीचे रॉड उघडे असतात, म्हणून फॉइलची घडी नीट मिटलेली हवी, कापडाचं टोक बाहेर लोंबता कामा नये. घरातलं सर्वात जाड सुती कापड म्हणजे सासऱ्यांचा जुना पंचा. तो मी त्यांना विचारून घेतला. केकसाठी पंचा का लागतो हे त्यांनी विचारलं नाही. या घरात इतकी वर्षं काढलेल्या माणसाने काही गोष्टी विचारायच्या सोडून दिलेल्या असतात.

गोल केकला १८० वर पस्तीस मिनिटं लागतात. ट्रेला मी तिसाव्या मिनिटाला पहिल्यांदा पाहिलं. कडा ट्रेपासून सुटू लागल्या होत्या, कोपरा दाबला की लगेच वर येत होता, पण मधे बोट टेकवलं तर खळी तशीच राहिली. टूथपिकला ओलं मिश्रण. काकू म्हणाल्या, "झाला की, रंग बघ!" रंग कोपऱ्यांचा होता. ट्रेमधला केक नेहमी मधोमध टोचून बघावा. कोपरा विचारला तर तो दहा मिनिटं आधीच 'झालो' म्हणून सांगतो. चाळिसाव्या मिनिटाला मधली खळी भरून आली आणि टूथपिक कोरडं निघालं.

आता क्रीम. "सगळं दुप्पट, म्हणजे क्रीमही दुप्पट," नवऱ्याने जाहीर केलं. या वेळी त्याच्यामागे दोन तांदळाच्या डब्यांचं पाठबळ होतं. मी पुन्हा कागद घेतला, कारण इथे दुप्पट करायची अजिबात गरज नव्हती. गोल केकला क्रीम वरून लागतं आणि बाजूनेही. वरचे ३१४, आणि साडेचार सेंटिमीटर उंचीच्या गोल भिंतीचे २८३. एकूण ५९७. ट्रेचा केक ट्रेमध्येच ठेवून फक्त वरून क्रीम लावायचं, म्हणजे ६००. जेवढं क्रीम गोल केकला पुरतं, तेवढंच ट्रेला पुरतं. केक दुप्पट, क्रीम तेवढंच.

नवऱ्याने तो हिशोब दोनदा तपासला आणि कागद घडी करून खिशात घातला. ऑफिसात दाखवणार होता बहुतेक, आणि कुणाचा म्हणून दाखवणार होता तेही मला कळलं.

संध्याकाळी पट्टी लावून पाच-पाच सेंटिमीटरवर खुणा त्यानेच केल्या. चोवीस चौकोन, एकही वाकडा नाही. पहिला तुकडा वाढदिवसाच्या मुलाच्या बशीत ठेवला. त्याने तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, "काकू, हा केक नाहीये. केक त्रिकोणी असतो."

मी सुरी घेऊन तो चौकोन तिरका कापला. मग उरलेल्या तेवीस जणांनी आपापल्या बशा पुढे केल्या.