दूध संकलन वहीच्या बेरजेबद्दल आलेल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★ "आमच्या डेअरीची एका महिन्याची संकलन वही टाईप करून प्रत्येक शेतकऱ्याचं बिल काढायला दिली होती. आकडे आमच्या सचिवांशी जुळत नाहीत, ४७ नंबरचे तर ८३ रुपये कमी आले. वर ११ ओळींवर 'तपासा' लिहून वही आमच्याच गळ्यात मारली. एकूण लिटर गुणिले सरासरी दर, एवढंच काम होतं, त्याला चार दिवस?"

दादा, नमस्कार. रिव्ह्यू वाचला, आणि वही अजून स्कॅनमध्ये आमच्याकडे आहे म्हणून ४७ नंबरची शीट परत उघडून बघितली. ते ८३ रुपये कुठून आले ते सांगतो, कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातच त्याचं उत्तर आहे.

४७ नंबरची म्हैस आहे, दोन्ही वेळचं दूध येतं, ३० दिवसांच्या ६० ओळी. सकाळी महिन्याचं १५० लिटर, संध्याकाळी ११०. सकाळचं फॅट ६.२ च्या आसपास, तुमच्या दरपत्रकात त्याला ५० रुपये. संध्याकाळी ६.७ च्या आसपास, त्याला ५४. हे नेहमीचंच आहे, संध्याकाळची धार सकाळनंतर कमी तासांनी काढली जाते, दूध थोडं आणि फॅट जास्त. आता ओळीप्रमाणे हिशोब केला तर सकाळचे ७५०० आणि संध्याकाळचे ५९४०, मिळून १३४४०. सचिवांनी काय केलंय की साठही दरांची बेरीज करून साठने भागलं, ५२ आले, आणि २६० लिटरला ५२ ने गुणलं, १३५२०. हे झाले ८० रुपये जास्त. मी इथे दर ढोबळ धरलेत, वहीत फॅट रोज थोडंफार हलतं, त्यामुळे खरा फरक ८३ निघाला.

म्हणजे कमी आमच्याकडे आले नाहीत, जास्त तिकडे धरले गेलेत. आणि हे एका शेतकऱ्याचं नाही. ज्याचं ज्याचं सकाळचं दूध जास्त आणि फॅट कमी, त्या प्रत्येकाचं बिल असं सरासरीने काढलं की थोडं फुगतं, कुणाचं वीस रुपयांनी कुणाचं शंभरने, आणि सगळ्यांचं एकाच बाजूला फुगतं म्हणून ते आपोआप फिटत नाही, डेअरीच्या खिशातून जातं. ज्याचं दोन्ही वेळेस सारखंच दूध येतं त्याचा आकडा बरोबर येतो, म्हणूनच तुमच्या यादीत निम्मे आकडे आमच्याशी जवळजवळ जुळलेत आणि तुम्हाला वाटलं की उरलेले आमचे चुकले.

सरासरी दर हवाच असेल तर तो रक्कम भागिले लिटर असा काढायचा, म्हणजे लिटरचा भार त्यात येतो. शीटमध्ये लिटर C मध्ये आणि दर E मध्ये असेल तर:

```
=SUMPRODUCT(C2:C61,E2:E61)/SUM(C2:C61)
```

४७ ला हा दर ५२ नाही, ५१.६९ येतो. पण खरं सांगू का, आधी प्रत्येक ओळीची रक्कम काढून मगच हा दर मिळतो, मग त्या रकमांची बेरीज हेच बिल झालं ना, परत सरासरीच्या वाटेला जायचं कशाला.

आता 'तपासा' च्या ११ ओळी. यातल्या सात एकाच सकाळच्या आहेत, पान उघडून बघा. त्या दिवशी लिटर सगळ्यांचं लिहिलंय पण शेवटच्या सात जणांच्या फॅटच्या रकान्यात नुसती वरच्यासारखंची खूण आहे, आणि दर, रक्कम कोरं. लाईट गेली असेल, मशीन बंद पडलं असेल, ते होतंच. प्रश्न असा की ती खूण कशाची? तुमची वही नंबरप्रमाणे नाही, जसा माणूस येईल तशी लिहिलीये. म्हणजे वरची ओळ दुसऱ्याच शेतकऱ्याची आहे. खूण 'वरच्याइतकंच फॅट' अशी वाचली तर सातही जणांना त्यांच्या आधी आलेल्या एका माणसाचं ६.९ लागतं. 'कालच्या सकाळी याचं होतं तेच' अशी वाचली तर प्रत्येकाचं वेगळं. १२ नंबरचं काल सकाळी ६.२ होतं आणि त्याने ५ लिटर घातलंय. एका वाचनाने २५० रुपये, दुसऱ्याने २७८. हे २८ रुपये आम्ही इथे बसून कुणाला द्यायचे की कापायचे? मशीन बंद असताना काय धरायचं हा डेअरीचा नियम असतो, कुठे कालचं धरतात, कुठे आठवड्याचं मधलं, तो आम्ही ठरवला तर शेतकरी उद्या तुमच्याशी भांडेल, आमच्याशी नाही.

एक ओळ पानाचा कोपरा फाटल्यामुळे अर्धी आहे, त्यावर बोलायला काही नाही.

एका ओळीत लिटर ५.४, दर ५१.६० आणि रक्कम २६८.६४ लिहिलीये. ५.४ गुणिले ५१.६० म्हणजे २७८.६४. आधी आम्हाला वाटलं लिटर ५.२ असेल, पण त्यानेही २६८.३२ येतात, जुळत नाही. मग पानाच्या तळाची लिटरची बेरीज बघितली, ती ५.४ धरूनच बरोबर बसते. म्हणजे लिटर पक्कं, गुणाकारात हातचा राहिला. तरीही आम्ही गुपचूप बदललं नाही, लिहिलेली रक्कम आणि हिशोबाची रक्कम दोन्ही शेजारी ठेवल्या, कारण शेतकऱ्याच्या कार्डावरही २६८.६४ च चढले असतील तर ते तुम्हालाच दुरुस्त करावं लागणार.

असं प्रत्येक ओळीचं असतं. ज्या ओळीत लिटर, फॅट, दर, रक्कम चारही लिहिलेले असतात तिथे खराब अक्षर फारसं आडवं येत नाही, एक आकडा दुसऱ्याची साक्ष देतो. तुमच्या वहीत सगळ्यात जास्त घोळ १ आणि ९ चा आहे (सचिवांना राग येऊ देऊ नका, निम्म्या वह्यांत हेच असतं). एका ठिकाणी फॅट ६.१ की ६.९ ते भिंगातूनही कळेना. लिटर ४.५ होतं. ६.१ चा दर ४९.२०, त्याने २२१.४० होतात, ६.९ चा ५५.६० त्याने २५०.२०. रकमेत २२१.४० स्पष्ट होतं. विषय संपला, ती ओळ तुमच्याकडे आलीच नाही. अशा कितीतरी ओळी तुमच्याकडे न येताच मिटल्यात, त्या दिसत नाहीत म्हणून ११ जास्त वाटतात.

राहिल्या दोन ओळी, आणि खरं तर याच सगळ्यात महत्त्वाच्या आहेत. एका सकाळी ४१ नंबर दोनदा आलाय आणि ४९ नंबर आलाच नाही. इथे लिटर बरोबर, दर बरोबर, गुणाकार बरोबर, पानाची बेरीजसुद्धा पैशापर्यंत बरोबर, सगळं जुळतं आणि तरी एका माणसाचं दूध दुसऱ्याच्या बिलात जाऊ शकतं. गणिताने ही चूक कधीच सापडत नाही. आमच्याकडे दोन जण वेगवेगळं टाईप करतात आणि मग दोन्ही फाईली ताडून बघतो, त्याने बोटाची चूक सापडते, पण अक्षरच फसवं असेल तर दोघंही तसंच वाचतात. म्हणून आम्ही प्रत्येक वेळेसाठी हजेरी काढतो, कोण दोनदा आलं, रोज येणारं कोण आलं नाही. ४१ दोनदा येऊ शकतो, गायीची किटली वेगळी म्हशीची वेगळी असेल तर. पण इथे एका ओळीत फॅट ६.३ आणि दुसरीत ७.१, दोन्ही म्हशीचीच, आणि ४९ चं आधीच्या नंतरच्या दिवसांत ७.० ते ७.२ चाललंय. आमचा अंदाज ती ओळ ४९ ची आहे. पण अंदाजावर कुणाचं बिल काढत नसतो, म्हणून दोन्ही ओळींवर 'तपासा'.

जे आम्हाला दिसूच शकत नाही तेही सांगून ठेवतो. मशीनवर ६.१ दिसलं आणि वहीत ६.९ लिहिलं आणि दरही ६.९ चाच लावला, तर कागदावर सगळं निर्दोष दिसतं. एखाद्याचं फॅट एकाच दिवशी अचानक उडालं तर आम्ही तो आकडा पिवळा करतो, बदलत नाही, कारण फॅट खरंच उडतं. वासरू आधी पाजलं की नंतर, धार शेवटपर्यंत काढली की नाही, नमुना घेण्याआधी किटली ढवळली का, या सगळ्याने फरक पडतो. तुमच्या शीटमध्ये असे पिवळे आकडे आहेत, ते बिलात जसेच्या तसे धरलेत.

चार दिवसांतला एक दिवस कशात गेला तेही सांगतो. तुम्ही दरपत्रक एकच दिलं होतं. १६ तारखेपासून प्रत्येक ओळीचा दर त्या पत्रकापेक्षा सारख्याच फरकाने वेगळा यायला लागला, एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्यांचाच, म्हणजे दर बदललाय हे उघड होतं. दुसरं पत्रक मागितलं, ते तुमच्याकडून दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलं. जुन्या पत्रकाने पूर्ण महिना काढला असता तर फाईल लवकर मिळाली असती, पण अर्ध्या महिन्याचे दर चुकीचे लागले असते. आणि हो, आम्ही दिलेला आकडा कपातीआधीचा आहे, पशुखाद्य आणि उचल तुम्हाला वजा करायची आहे, सचिवांच्या यादीत काही जणांची ती आधीच वजा दिसतेय, तर जुळवताना ते बघा. नासलेल्या दुधाच्या ओळीसुद्धा लिटरच्या बेरजेत आहेत पण रक्कम शून्य, तिथेही लिटर आणि पैसे जुळवताना गोंधळ होतो.

तर तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. मशीन बंद होतं त्या सकाळी सात जणांचं फॅट काय धरायचं, ती दुसरी ४१ ची ओळ कुणाची, आणि फाटलेल्या कोपऱ्यातला आकडा शेतकऱ्याच्या कार्डावर काय आहे. फोनवर सांगितलं तरी चालेल, त्याच दिवशी शेवटची शीट पाठवतो. गुणाकार चुकलेली ओळ कार्ड बघून तुम्हीच ठरवा. ४७ नंबरच्या साठ ओळी वेगळ्या छापून ठेवल्यात, सचिवांना घेऊन या, कॅल्क्युलेटर त्यांचाच वापरू.