शिल्लक माल मोजू नका, बसल्या जागी लिहा

महिनाअखेरीला रात्री डीप फ्रीझरमध्ये डोकं घालून पनीर मोजत बसणं तुमच्यासारख्या हॉटेलमालकाला शोभत नाही. काउंटरवरूनच आवाज द्या, "वस्ताद, माल किती असेल हो?" वस्ताद कढईवरची नजर न हलवता सांगतील, "असेल की मालक, लाखाचा." लिहा एक लाख.

फूड कॉस्टचा, म्हणजे विक्रीतले किती टक्के मालावर गेले याचा, हिशेब तसा सोपा आहे. महिन्याच्या सुरुवातीचा माल अधिक खरेदी, त्यातून शेवटी उरलेला माल वजा. आलेल्या आकड्याला विक्रीने भागा. सुरुवातीला 80 हजारांचा माल, खरेदी 3 लाख 20 हजार, शिल्लक वस्तादांचा एक लाख. म्हणजे 3 लाखांचा माल लागला आणि 10 लाखांच्या विक्रीवर फूड कॉस्ट बसली 30 टक्के. पेढे वाटा! फ्रीझर उघडला असता तर 70 हजारांचाच माल निघाला असता आणि आकडा 33 वर गेला असता. उगाच झोप कशाला घालवायची?

एक बारीकशी अडचण आहे. हाच एक लाख पुढच्या महिन्याचा सुरुवातीचा माल होतो. खरेदी, विक्री आणि वापर तेवढाच राहिला, तर पुन्हा 30 टक्के दाखवायला शिल्लक 1 लाख 20 हजार लिहावी लागेल, आणि फ्रीझरमध्ये तेव्हा 60 हजारांचाच माल असेल. हरकत नाही, वहीला फ्रीझर दिसत नाही. तरी टक्का वाढलाच, तर विक्री जीएसटीसकट धरा. तो पैसा सरकारचा आहे, पण टक्का छान उतरतो. खरेदी मात्र जीएसटी वगळूनच लिहा. 5 टक्के जीएसटीवर चालणाऱ्या हॉटेलला तो कर परत मिळत नाही, ही क्षुल्लक बाब झाली.

एखादा भाचा कॉमर्स शिकून येईल आणि एकट्या पनीरचाच हिशेब मांडेल. सुरुवातीला 6 किलो, आणलं 88, उरलं 4, म्हणजे वापरलं 90. बिलांवर पनीरच्या प्लेटी 500, ठरलेलं माप 150 ग्रॅम, म्हणजे लागायला हवं होतं 75. "मामा, 15 किलो गेलं कुठे?" त्याला चहा पाजून वाटेला लावा. नाहीतर तो काटा आणून गर्दीच्या वेळी कढईत जाणाऱ्या दहा प्लेटींचं पनीर तोलेल. सरासरी 180 भरली, तर वस्तादांचा हात सैल. काट्यावर बरोबर 150 भरली, तर प्रकरण आणखी वाईट: मग तो स्वयंपाकघरात गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या बिलांशी ताडून बघेल, आंबून फेकलेल्या मालाची वही मागेल. ती वही तुमच्याकडे नाहीच, हे एक बरं.

खापर स्टाफच्या जेवणावर फोडा. त्यांना बारा महिने डाळभातच मिळतो, हे विचारायला येतंय कोण?