घरगुती पदार्थावर लेबल कशाला?

“घरी केलेल्या पदार्थाला एवढं लेबल कशाला? वर नाव लिहा, ‘शंभर टक्के शुद्ध, प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ एवढं टाका, वजन अंदाजे द्या आणि खाली सहा महिन्यांची तारीख. घटक काय, आपल्या स्वयंपाकघरात असतात तेच!”

बिस्किटांचाच एक घाणा घेऊ: ४०० ग्रॅम गव्हाचे पीठ, ३०० ग्रॅम लोणी, २५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम ओट्स, ६० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे आणि ४० ग्रॅम तीळ. मळताना जे वजनाने सर्वांत जास्त ते यादीत पहिले आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे, हा लेबलचा साधा नियम आहे. अडचण येते ती चॉकलेटशी, कारण ते स्वतःच अनेक घटकांचे बनलेले असते. त्यात बहुधा सोयाबीनचे लेसिथिन असते, कधी दुधाची भुकटीही. ज्याला सोयाबीनची ॲलर्जी आहे त्याला ‘चॉकलेट’ या एका शब्दातून हे कळणार नाही. म्हणून त्या तुकड्यांच्या पाकिटावरील घटक कंसात जसेच्या तसे उतरवावेत आणि दुकानात निराळा ब्रँड मिळाला, तर पुन्हा वाचून लेबल बदलावे. गहू, दूध, सोयाबीन व तीळ ठळक अक्षरांत द्यावेत. त्याच मिक्सरमध्ये शेंगदाणे दळले जात असतील, तर तेही सांगावे. ‘स्वयंपाकघरात असतात तेच’ या आश्वासनातला खरा धोका इथेच आहे.

वजनाचा अंदाज बहुतेक वेळा भाजण्याआधीच्या गोळ्यावरून केलेला असतो. वरच्या घाण्याचा गोळा १,२०० ग्रॅम भरतो. पण लोण्यातले आणि पिठातले पाणी भट्टीत उडून गेल्यावर बिस्किटे समजा १,१०० ग्रॅम उरली, तर पाच पाकिटांवर ‘२४० ग्रॅम’ लिहिणारा प्रत्येक गिऱ्हाइकाला २० ग्रॅम कमी देतो, आणि तेही मनात काही खोट नसताना. बिस्किटे पूर्ण निवल्यावर, रिकामी पिशवी काट्यावर ठेवून तो शून्यावर आणावा व मगच भरावे. गरम भरल्यास आत वाफ धरते आणि बिस्किटे मऊ पडतात, ते वेगळेच.

तारखेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण ‘सहा महिने’ हा आकडा सहसा दुसऱ्या कोणाच्या तरी पाकिटावरून आलेला असतो. नीट भाजलेल्या बिस्किटात पाणी इतके थोडे असते की त्यात बुरशी किंवा जिवाणू वाढू शकत नाहीत. ती बिघडतात ती दमट हवेने सादळून किंवा स्निग्धांश खवट होऊन, आणि हे किती लवकर होईल ते पिशवीचा कागद, तिचा सील, उजेड व उष्णता यांवर अवलंबून असते. त्यामुळे मुदत स्वतःच्याच पाकिटांवर ठरवावी लागते. एकाच घाण्यातली काही पाकिटे घरातल्या उबदार जागी ठेवून दर आठवड्याला एक फोडावे आणि ताज्या बिस्किटाशेजारी ठेवून, कोणते जुने हे ठाऊक नसलेल्या माणसाला चव व वास पाहायला सांगावा. सातव्या आठवड्यात जुन्या तेलाचा किंचित वास आला, तर लेबलवर पाचच आठवडे लिहावेत, कारण गिऱ्हाइकाचे कपाट आपल्यापेक्षा गरम असू शकते.

ही पद्धत फक्त कोरड्या पदार्थांपुरती आहे, हे मात्र निक्षून सांगायला हवे. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओलसर आणि कमी आंबट असतो, तेलाखाली हवाही पोहोचत नाही. अशा ठिकाणी, पीएच ४.६ पेक्षा जास्त, म्हणजे आंबटपणा कमी असल्यास, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात आणि त्या विषाला वास, चव किंवा रंग असेलच असे नाही. तिथे करणाऱ्याची जीभ निरुपयोगी ठरते. प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतल्याशिवाय असा पदार्थ सामान्य तापमानाला टिकतो असे लेबलवर लिहू नये.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ या शब्दांनी मुदत वाढत नाही, उलट प्रश्न उभा राहतो: मग पदार्थ टिकतो कशावर? जॅममध्ये ते काम साखर आणि आम्ल करतात. पौष्टिक म्हणून साखर निम्मी केली, तर नाव तेच राहिले तरी जुनी तारीख त्या बरणीवर चालणार नाही.

शिवाय छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. म्हणून ‘कोरड्या जागी ठेवा’ एवढ्यावर न थांबता, ‘उघडल्यावर हवाबंद डब्यात ठेवा व दहा दिवसांत संपवा’ असे, उघडलेल्या पाकिटावर तपासून ठरवलेले वाक्य हवे. बनवल्याच्या तारखेशेजारी घाण्याचा क्रमांक असावा, म्हणजे एका पाकिटाची तक्रार आली की त्याच घाण्यातली उरलेली पाकिटे कोणाकडे गेली ते वहीत पाहून परत मागवता येतात.