पोझिशनल प्ले: आखलेल्या पट्ट्या कोणासाठी?

“पोझिशनल प्ले म्हणजे खेळाडूंना चौकटीत बांधायचं आणि चेंडू आडवा फिरवत बसायचं. एफसी गोवाला फातोर्ड्याला परवडतं ते, गावच्या मैदानावर त्याचा काय उपयोग?”

फुटबॉलमधल्या पोझिशनल प्लेवर, म्हणजे मैदानाच्या पट्ट्या वाटून जागा धरून खेळण्याच्या पद्धतीवर, अशी टीका होते. ती एकेक करून तपासू. आधी चौकटी. मैदानाच्या उभ्या पाच पट्ट्या धरतात. 68 मीटर रुंद मैदानावर त्यासाठी वेगळा चुना मारावा लागत नाही. गोलसमोरच्या मोठ्या आणि लहान बॉक्सच्या बाजूच्या रेषा मनातल्या मनात पुढे ओढल्या, की कडेच्या पट्ट्या सुमारे 14 मीटरच्या, त्यांच्या आतल्या 11 च्या आणि मधली 18 ची होते. ढोबळ नियम असा, की एका उभ्या पट्टीत दोनपेक्षा आणि एका आडव्या ओळीत तीनपेक्षा जास्त गडी नकोत. कुठल्या पट्टीत कोण, हे नियम सांगत नाही. विंगर आत आला तर फुलबॅकने कड धरायची. जागा रिकामी राहू नये, एवढंच.

आता आडवे पास. चेंडू डाव्या सेंटर बॅककडे आहे. विंगर रेषेला चिकटून उभा, त्यामुळे समोरचा राइट बॅक पेचात: त्याच्याकडे गेला तर आत फट पडते, आत थांबला तर विंगर मोकळा. आतल्या पट्टीत आपला मिडफिल्डर प्रतिस्पर्ध्यांच्या मधल्या फळीमागे उभा आहे, पण त्याच्याकडे जाणारी वाट बंद आहे. म्हणून सेंटर बॅक चेंडू घेऊन पुढे सरकतो. कोणी अडवायला आला, की खाली उतरलेल्या स्ट्रायकरला पास देतो आणि स्ट्रायकर एकाच स्पर्शात तो मिडफिल्डरकडे सरकवतो. मिडफिल्डरचं तोंड आता गोलकडे आहे. आधीचे आडवे पास कोणाला तरी जागेवरून हलवण्यासाठी होते. कोणीच हललं नसेल तर ते खरोखर वाया गेले, आणि तिथे टीका रास्त आहे.

हे बहुधा बिघडतं ते विंगरच्या उतावीळपणामुळे. चेंडू मिळेना म्हणून तो आत येतो, आपला मार्कर सोबत आणतो आणि एकच बचावपटू दोघांना पुरतो. व्हिडिओ असेल तर मिडफिल्डरला चेंडू मिळताच थांबवा. त्याची पाठ गोलकडे आणि सोबती हाताच्या अंतरावर दिसला, तर चूक पासात नाही, उभं राहण्यात आहे.

राहिलं गावचं मैदान. 50 मीटर रुंदीत बॉक्स नियमाप्रमाणे 40.32 मीटरचाच आखला, तर कडेला पाच मीटरही उरत नाहीत. तिथे बॉक्सच्या रेषा विसरा आणि खुणेचे प्लास्टिक कोन ठेवून 10, 8, 14, 8, 10 अशी वाटणी करा. खडबडीत जमिनीवर चेंडू उसळतो, एका स्पर्शाचा पास फसतो. तेव्हा स्ट्रायकर आणि मिडफिल्डरमधलं अंतर कमी करा आणि दोन स्पर्शांची मुभा द्या. पावसात चेंडू पाण्यात अडकू लागला की जमिनीवरून बांधणी सोडून लांब चेंडूच मारावा. मात्र तो पडेल त्याच्या आसपासच्या दोन्ही पट्ट्यांत आपला माणूस आधीच उभा हवा, नाहीतर सुटलेला चेंडू समोरचेच उचलतात.