यादीच्या कागदावर ‘खुशीने’ कोणी लिहिले?

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आम्ही चौघे आठवड्यातून एकदा तरी जमतो. त्या रात्री पिंट्याच्या हातातल्या ग्लासातले दूध तसेच निवत राहिले, कारण त्याच्या खिशात वहीतून फाडलेला एक कागद होता. रविवारी झालेल्या याद्यांच्या बैठकीत त्याच्या मामांनी तो लिहिला होता. मुलीस दहा तोळे, मुलास चेन व अंगठी, कार्यालय आणि जेवण मुलीकडे, मानाचे पोशाख एकवीस, संसाराची भांडी, आणि सगळ्यात शेवटी ‘चारचाकी : खुशीने’.

पिंट्या शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे, मुलगी खासगी बँकेत. चार वर्षे दोघांचे जमलेले, जात एकच, त्यामुळे घरच्यांनीही हरकत घेतली नव्हती. प्रेमविवाहाला होकार मिळाला म्हणजे देण्याघेण्याचा प्रश्न मिटला, असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो होकारच पुढच्या वाटाघाटींचे भांडवल ठरला होता. ‘पोरांच्या मनासारखं केलं, आता आमच्या मानासारखं होऊ दे’, असे मामा बैठकीत म्हणाले म्हणे.

बापूंना त्यात वावगे दिसले नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून बहिणीचे लग्न केले, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. “आमच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. पण पोरगी मोकळ्या हातांनी गेली तर सासरी तिला किंमत राहत नाही,” असे ते म्हणाले. शिवाय मुलीकडची माणसेही नोकरी, पुण्यात फ्लॅट आणि वर शेती पाहूनच स्थळ पसंत करतात, मग एकट्या मुलाकडच्यांना दोष का, हा त्यांचा सवाल. तो खोटा नव्हता. स्थळाची अशी प्रतवारी दोन्ही घरे मिळून करतात आणि मग त्या प्रतीला शोभेल अशी यादी निघते.

आमच्यातल्या वकिलाने मात्र ‘खुशीने’ या शब्दावर बोट ठेवले. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानुसार लग्नाच्या संबंधात दिलेली किंवा द्यायचे कबूल केलेली मालमत्ता हा हुंडाच, मग ती लग्नाआधी दिलेली असो वा नंतर. न मागता दिलेल्या भेटी चालतात. पण वधूपक्षाच्या भेटी रूढीला धरून आणि देणाऱ्याच्या ऐपतीला झेपणाऱ्या असाव्या लागतात. गंमत अशी, की यादी कायद्यालाही हवी आहे. 1985 च्या नियमांप्रमाणे भेटवस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून त्याखाली वधू आणि वर दोघांनी सही करायची असते. “तुझ्या मामांची यादी लग्नाआधीची आहे, त्यात देणाऱ्याचं नाव नाही आणि सही कुणाचीच नाही. ही भेटींची नोंद नव्हे, हे मागणीपत्रक आहे,” असे त्याने सुनावले. कायद्याने हुंडा देणाराही गुन्हेगार ठरतो, पण पीडित व्यक्तीने दिलेल्या जबाबावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही, हेही त्याने सांगितले. वडील अडकतील या धास्तीने मुली गप्प राहतात, म्हणून हे माहीत असायला हवे.

बापू अडले ते पुढच्या प्रश्नाशी. वकिलाने विचारले, “बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलं का?” घेतले होते. ‘लग्नात एवढं केलं की’, हे त्यामागचे कारण. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. म्हणजे कर्ज काढून लग्नात जे दिले ते सासरच्या कपाटात गेले, आणि त्याच्या बदल्यात जमीन भावाच्या नावावर राहिली. बहिणीच्या हातात यातले काय उरले, याचे उत्तर बापूंनी दिले नाही. त्यांनी आणखी एक ग्लास दूध सांगितले.

एवढे झाल्यावर पिंट्याने कागद उलटा केला. मागच्या बाजूला मुलीचे अक्षर होते. सोने पाच तोळे, तिच्या स्वतःच्या पगारातून, बिल तिच्या नावाचे. कार्यालय आणि जेवण निम्मे-निम्मे. पोशाख फक्त आजी आणि मामी यांना. चारचाकी नाही. खाली एक ओळ अधिक होती : ‘हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, हे मी बाबांना सांगितले आहे. तू तुझ्या घरी काय सांगितलेस?’

पिंट्याने अजून काहीच सांगितले नव्हते. आईने तीन दिवस अबोला धरला होता, आणि भावकीत नाक कापले जाईल ही वडिलांची भीती त्याला पुरती खोटी वाटत नव्हती. घरचे अडूनच बसले तर विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची, असे दोघांचे ठरले आहे. पण नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावे लागते, ती कार्यालयात लावली जाते, आणि तेवढ्या दिवसांत गावभर बोभाटा होतो.

“नोटिशीचं मग बघू,” वकील म्हणाला, “आधी ‘खुशीने’ खोड.” बापूंनीच खिशातले पेन काढून दिले. पिंट्याने गुडघ्यावर कागद ठेवून ती ओळ खोडली आणि मागच्या यादीखाली स्वतःची सही केली. पुढची बैठक येत्या रविवारी आहे.