अकाउंट बदललं म्हणून चॅट उडत नाहीत

“मोबाईलचं गूगल अकाउंट बदललं की व्हॉट्सअ‍ॅपचा जुना बॅकअप कायमचा डिलीट होतो. आधी अ‍ॅप काढून परत टाकून बघा. नाहीच आलं, तर दुकानात जुन्या जीमेलचा पासवर्ड द्या, ते ड्राइव्हमधून फाईल काढून देतात.”

सांगली-तासगाव भागातल्या ग्रुपांवर हे फिरतंय. त्यातला दुकानात पासवर्ड द्यायचा सल्ला पाळला तर खरंच नुकसान होऊ शकतं.

बॅकअप डिलीट होत नाही. अँड्रॉइडवर तो फोन नंबर आणि गूगल अकाउंट या जोडीवर ठेवलेला असतो. अकाउंट बदललं की अ‍ॅप नव्या अकाउंटात शोधतं आणि तिथं काही नसतं. जुना आपल्या जागी शाबूत असतो. खात्री करायची तर जुन्या अकाउंटनं ड्राइव्ह अ‍ॅप उघडा आणि मेनूतलं `Backups` बघा. शेवटची तारीख तिथं दिसते. मात्र फार दिवस थांबू नका, पाच महिन्यांहून जास्त काळ अपडेट न झालेला बॅकअप काढून टाकला जाऊ शकतो.

आता अ‍ॅप काढण्याचं. ते काढावं लागतं, पण सगळ्यात आधी नाही; त्याअगोदर होणारी एक चूक बघा. समजा, तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याला भाच्यानं नवा फोन लावून दिला, तोही स्वतःच्या जीमेलवर. `Restore` विचारलंच नाही, अ‍ॅप कोरं सुरू झालं. पंधरा दिवसांत सौद्यांचे नवे मेसेज आले. जुने हवेत म्हणून त्यांनी चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जुनं अकाउंट निवडलं आणि `Back up` दाबलं. घात होतो तो इथं: एका नंबरचा त्या अकाउंटात एकच बॅकअप राहतो, त्यामुळे पंधरा दिवसांचा नवा बॅकअप कित्येक वर्षांच्या जुन्यावर चढतो. तिथं `Back up` दाबायचंच नाही.

बरोबर क्रम असा. कामाचे नवे चॅट आधी `Export chat` करून मेलवर पाठवून ठेवा, कारण जुने आणि नवे एकत्र जोडता येत नाहीत. मग फोनच्या सेटिंगमध्ये जुनं जीमेल जोडा. त्यानंतरच अ‍ॅप काढून पुन्हा टाका, तोच नंबर पडताळा, अकाउंट विचारलं की जुनं निवडा आणि `Restore` दाबा. `Skip` दाबलं तर पुन्हा अ‍ॅप काढण्यापासून सुरुवात करावी लागते. जुना फोन अजून हाताशी असेल तर तो फॉरमॅट करू नका. चॅट त्यातही असतात.

दुकानाचं म्हणाल तर ड्राइव्हमधली ती फाईल लपवलेली असते, डाउनलोड करायची सोयच नाही. पासवर्ड दिल्यानं तुमचे मेल आणि फोटो मात्र परक्याच्या हाती जातात. जुन्या जीमेलचा पासवर्ड आठवत नसेल, तर गूगलच्या अकाउंट रिकव्हरीच्या पानावर स्वतः बसा, शक्यतो ज्या फोनवर ते अकाउंट पूर्वी चालू होतं त्याच फोनवरून. बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलेलं असेल आणि त्याचा पासवर्ड, ६४ अंकी की किंवा पासकी यांतलं काहीच उरलं नसेल, तर तो कुणालाच उघडता येत नाही.